पुढच्या तारखेचे चेक: नोंदवही, खतावणी आणि परत आलेल्या चेकचा हिशेब

घाऊक व्यापारात ग्राहक माल घेताना किंवा महिन्याच्या हिशेबाला बसल्यावर तीन-चार चेक एकदम लिहून देतो, प्रत्येकावर पुढची वेगळी तारीख. चेक हातात पडला की वसुली झाल्यासारखं वाटतं, आणि चुकीची सुरुवात तिथेच होते. पुढच्या तारखेचा चेक म्हणजे पैसे नव्हेत, तारीख घातलेलं वचन आहे. तो मिळाल्याच्या दिवशी ग्राहकाच्या खात्यावर जमा टाकला, तर आपली उधारी कागदावर मिटते आणि प्रत्यक्षात जशीच्या तशी राहते.

ही पद्धत मी एका फटक्यानंतर बसवली. एका जुन्या ग्राहकाचा चेक परत आला. बँकेचा मेमो आमच्याकडे आला, पण तो भरण्याच्या स्लिपांच्या गठ्ठ्यात गेला आणि खतावणीत कुणी काही लिहिलं नाही. त्याची बाकी कमी दिसत होती म्हणून त्याला आणखी दोनदा माल गेला. महिनाअखेरीला बँकेचा ताळमेळ करताना चेक परत गेल्याचं कळलं, तेव्हा त्याच्याकडे अडकलेली रक्कम दुप्पट झाली होती. ग्राहकाने काही लपवलं नव्हतं. आमच्या वहीत ती गोष्ट कुठे दिसतच नव्हती.

आधी नोंदवही, मग खतावणी

चेक हातात आला त्याच दिवशी तो चेक नोंदवहीत चढला पाहिजे. वही कागदाची असो की स्प्रेडशीटची, एका चेकला एक ओळ. मिळाल्याची तारीख, ग्राहक, बँक आणि चेक क्रमांक, चेकवरची तारीख, रक्कम, कोणत्या बिलापोटी आणि सध्याची स्थिती एवढे रकाने सुरुवातीला भरायचे. भरल्याची तारीख, वटल्याची किंवा परत आल्याची तारीख आणि परतीचं कारण हे रकाने रिकामे ठेवायचे, ते पुढे भरत जातात.

यातला ‘कोणत्या बिलापोटी’ हा रकाना बहुतेक जण सोडून देतात. तो चेक घेतानाच, ग्राहक समोर असताना भरून घ्या. चेक परत आल्यावर कोणतं बिल पुन्हा उघडं करायचं ते त्यावरूनच ठरतं. ग्राहक ‘खात्यावर घ्या’ म्हणाला, तर जुन्यात जुन्या बिलाला लावा आणि तसं पावतीवर लिहून द्या.

चेक घेताना तो नीट वाचाही. अक्षरी आणि आकडी रक्कम जुळते का, वर्ष बरोबर आहे का, नाव आपल्या खात्यावर आहे तेच आहे का, खाडाखोड आहे का, सही आहे का. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तांत्रिक कारणाने परत येणारे बरेच चेक इथेच पकडता येतात, आणि तेव्हा दुसरा चेक मागायला ग्राहक समोरच बसलेला असतो.

स्थितीसाठी शब्द ठरवून घ्या आणि तेवढेच वापरा: हातात, भरला, वटला, परत, थांबवला, बदलला. एकाने ‘डिपॉझिट’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘बँकेत’ लिहिलं, तर बेरीज चुकलीच.

स्प्रेडशीटमध्ये ग्राहक C मध्ये, चेकची तारीख E मध्ये, रक्कम F मध्ये आणि स्थिती H मध्ये असेल, तर वरच्या कोपऱ्यात ही दोन सूत्रं कायम ठेवा:

```
=SUMIFS(F:F,H:H,"हातात")
=COUNTIFS(E:E,"<="&TODAY(),H:H,"हातात")
```

पहिलं सूत्र हातात असलेल्या चेकांची एकूण रक्कम दाखवतं. दुसरं सांगतं की तारीख येऊनही न भरलेले चेक किती. बँकेचा भरणा आटोपल्यावर हा दुसरा आकडा शून्य असायला हवा. नसेल, तर चेक कपाटात राहिला आहे किंवा भरूनही नोंद झालेली नाही. दोन्हीचा शोध त्याच दिवशी घ्या.

खुद्द चेक कुलपात, तारखेच्या क्रमाने ठेवायचे. ग्राहकानुसार ठेवले की उद्या कोणते भरायचे ते पाहायला सगळी फाइल उलटावी लागते. ग्राहकवार माहिती वहीतून मिळतेच.

खतावणीत जमा कधी टाकायचा

मिळाला तेव्हा नाही. बँकेत भरला त्या दिवशी. चेक हातात असेपर्यंत ग्राहकाचं बिल उघडंच राहतं, त्याची येणे बाकी पूर्ण दिसते आणि शेजारी ‘यापैकी इतक्या रकमेचे चेक हातात’ अशी वेगळी माहिती असते. बाकी आणि हातातले चेक हे दोन आकडे एकमेकांतून वजा करायचे नाहीत.

काही जण चेक वटल्यावरच जमा टाकतात. तेही चालतं. मला भरण्याच्या दिवशीची नोंद सोयीची वाटते, कारण भरण्याची स्लिप आणि वहीतली नोंद एकाच तारखेची राहते आणि बँकेचा ताळमेळ सोपा जातो. मात्र मग एक पथ्य पाळावं लागतं. आणखी माल द्यायचा की नाही हे ठरवताना भरलेले पण न वटलेले चेक बाकीत परत मिळवून पाहायचे.

हिशेबाच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचरला पोस्ट-डेटेड अशी खूण करता येते. नोंद आज होते आणि तारीख आली की आपोआप लागू होते. सोय चांगली आहे, पण चेक खरोखर बँकेत गेला का हे सॉफ्टवेअरला कळत नाही. तो ड्रॉवरमध्येच राहिला, तरी ग्राहकाच्या खात्यावर जमा पडतो आणि बँकेची शिल्लकही वाढलेली दिसते. ही सोय वापरत असाल, तर रोज लागू झालेली व्हाउचरं आणि भरण्याची स्लिप समोरासमोर ठेवून टिक करत जा.

एक खातं सुरुवातीपासून

एका ग्राहकाला 30 दिवसांची उधारी आणि 3,50,000 ची मर्यादा आहे. 5 एप्रिलला बिल 412, रक्कम 1,80,000, देय तारीख 5 मे. 22 एप्रिलला बिल 437, रक्कम 1,20,000, देय तारीख 22 मे. 25 एप्रिलला त्याने तीन चेक दिले. 000611 हा 5 मेचा, 1,00,000 चा. 000612 हा 15 मेचा, 80,000 चा. हे दोन्ही बिल 412 पोटी. तिसरा 000613, 25 मेचा, 1,20,000 चा, बिल 437 पोटी.

25 एप्रिलच्या संध्याकाळी त्याची बाकी 3,00,000 आहे आणि हातातले चेकही 3,00,000 चे आहेत. त्याच दिवशी तिन्ही चेक जमा टाकले असते, तर बाकी शून्य दिसली असती आणि त्याने 1,50,000 चा नवा माल मागितला असता तर बिनदिक्कत गेला असता. खरी जागा फक्त 50,000 ची होती.

आणखी एक गोष्ट इथे पाहण्यासारखी आहे. 000612 ची तारीख बिल 412 च्या देय तारखेनंतर दहा दिवसांची आहे आणि 000613 ची तीन दिवसांची. चेक स्वीकारला म्हणून बिलाची देय तारीख पुढे सरकत नाही. मुदतवाढ द्यायची असेल तर ती ज्याला अधिकार आहे त्याने ठरवावी आणि लिहून ठेवावी. चेकवरच्या तारखेने ती गुपचूप दिली जाऊ नये.

पहिला चेक 5 मेला भरला, वटला. दुसरा 15 मेला भरला, जमा टाकला आणि खात्यावर बाकी 1,20,000 दिसू लागली. माल देण्याच्या दृष्टीने मात्र ती अजून 2,00,000 च होती. 17 मेला तो चेक अपुरी शिल्लक या कारणाने परत आला आणि बँकेने 300 खर्च कापला.

परत आलेल्या चेकची नोंद

मेमो हातात येताच पहिलं काम नोंदवहीचं. स्थिती ‘परत’, कारण मेमोवर असेल त्याच शब्दांत, आणि दोन तारखा: बँकेने चेक परत केल्याची आणि मेमो आपल्याला मिळाल्याची. दुसरी तारीख कायदेशीर बाबतीत लागते. उदाहरणार्थ, भारतातल्या कायद्यात चेक न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यावर ग्राहकाला पैसे देण्यासाठी 15 दिवस असतात. तारीख लिहिलेली नसेल तर दिवस मोजणार कशावरून?

मग खतावणी. ग्राहकाच्या खात्यावर 80,000 नावे, बँक खात्यावर 80,000 जमा, तारीख 17 मे. तपशिलात चेक क्रमांक, कारण आणि ‘बिल 412 पोटी घेतलेला’ हे शब्द. बँकेने कापलेले 300 वेगळ्या नोंदीने. ते ग्राहकाकडून घ्यायचे ठरले असतील तर त्याच्या नावे टाका, पण 80,000 मध्ये मिसळून 80,300 अशी एकच नोंद करू नका. बँकेच्या उताऱ्यात ते दोन वेगळे आकडे असतात आणि ग्राहक वाद घालतो तोही बहुतेक 300 वरूनच.

खातं असं दिसतं:

| तारीख | तपशील | नावे | जमा | बाकी |
|---|---|---|---|---|
| 5 एप्रिल | बिल 412 | 1,80,000 | | 1,80,000 |
| 22 एप्रिल | बिल 437 | 1,20,000 | | 3,00,000 |
| 5 मे | चेक 000611, बिल 412 पोटी | | 1,00,000 | 2,00,000 |
| 15 मे | चेक 000612, बिल 412 पोटी | | 80,000 | 1,20,000 |
| 17 मे | चेक 000612 परत, बिल 412 | 80,000 | | 2,00,000 |
| 17 मे | चेक परतीचा बँक खर्च | 300 | | 2,00,300 |

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, 15 मेची जमा नोंदच पुसून टाकणे. बाकी बरोबर येते म्हणून ते सोपं वाटतं. पण बँकेच्या उताऱ्यात 80,000 आलेही आहेत आणि गेलेही आहेत, आपल्या वहीत दोन्ही नाहीत, त्यामुळे ताळमेळात दोन अनाथ आकडे उरतात. महिना उलटून गेला असेल तर मागच्या महिन्याचा बंद केलेला हिशेबही बदलतो. शिवाय या ग्राहकाचा चेक परत आला होता ही खूण पुसली जाते, आणि सहा महिन्यांनी मर्यादा वाढवताना नेमकी तीच माहिती हवी असते.

दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण बाकी अगदी बरोबर येते आणि तरी हिशेब खोटा असतो. परतीची नोंद करताना सॉफ्टवेअर विचारतं, ही रक्कम कोणत्या बिलाला लावायची? घाईत ‘नवीन संदर्भ’ निवडला, तर 17 मे तारखेचं जणू नवं बिल तयार होतं. त्यालाही 30 दिवसांची उधारी लागते आणि देय तारीख 16 जून होते. 31 मेच्या एजिंगमध्ये, म्हणजे कोणती बाकी किती दिवसांची आहे ते दाखवणाऱ्या यादीत, ही रक्कम ‘14 दिवसांची, अजून देय नाही’ म्हणून दिसते. खरं म्हणजे ती 5 एप्रिलच्या बिलाची आहे, 56 दिवसांची, आणि देय तारीख उलटून 26 दिवस झाले आहेत. म्हणजे ज्या रकमेची सर्वांत जास्त काळजी करायला हवी ती यादीत सर्वांत ताजी दिसते आणि वसुलीच्या फोनच्या यादीत येतच नाही. म्हणून परतीची नोंद मूळ बिलालाच, मूळ देय तारखेसह लावायची. सॉफ्टवेअर तशी सोय देत नसेल, तर संदर्भाला ‘412-परत’ असं नाव देऊन देय तारीख हाताने 5 मे टाका.

ही चूक आपल्याकडे झाली आहे का हे तपासणं सोपं आहे. नोंदवहीतल्या ‘परत’ आणि अजून न मिटलेल्या सगळ्या चेकांची यादी काढा आणि प्रत्येक रक्कम एजिंगमध्ये कोणत्या रकान्यात पडते ते पाहा. परत आलेला चेक ‘अजून देय नाही’ या रकान्यात दिसला, तर जवळजवळ नक्कीच नोंद चुकली आहे.

वेळेवर पैसे देण्याबद्दल त्या चेकवर काही सूट दिली असेल, तर तीही त्याच दिवशी परत फिरवा. सूट चेकवर नव्हे, पैशांवर होती.

कारण काय, त्यावर पुढचं पाऊल

अपुरी शिल्लक, खातं बंद आणि पैसे देणं थांबवल्याची सूचना ही तीन कारणं गंभीर आहेत. त्या दिवशी माल थांबवायचा आणि फोन विक्री प्रतिनिधीने नव्हे, हिशेब पाहणाऱ्याने किंवा मालकाने करायचा. थांबवल्याच्या सूचनेमागे कधी मालाच्या तक्रारीचा वाद असतो. तो आधी ऐकून घ्या, नाहीतर आपण चेकवरून भांडत बसतो आणि खरा प्रश्न परत आलेल्या मालाचा असतो.

सही जुळत नाही, अक्षरी-आकडी रक्कम वेगळी, तारीख चुकीची, अशा कारणांसाठी लगेच नवा चेक किंवा बँक ट्रान्सफर मागा. एकदा झालं तर चूक समजा. त्याच ग्राहकाची सही दुसऱ्यांदा जुळली नाही, तर मी ते अपुऱ्या शिलकीसारखंच धरते.

कधी चूक आपलीही असते. तारखेआधी चेक भरला, किंवा मुदत संपल्यावर भरला. चेकची मुदत देशानुसार वेगळी असते, साधारण 3 ते 6 महिने, आणि ती चेकवरच्या तारखेपासून मोजतात. अशा वेळी बँकेचा खर्च आपल्या खर्चात घ्या, ग्राहकाच्या नावे टाकू नका. आणि तो चेक त्याच्या परतींच्या संख्येतही मोजू नका.

पुन्हा भरणं, बदली चेक, अर्धे पैसे

आपल्या उदाहरणातल्या ग्राहकाला फोन केल्यावर तो म्हणाला, 000612 पुन्हा भरू नका, पैसे पाठवतो, आणि 25 मेचा 000613 सुद्धा 5 जूनपर्यंत थांबवा. अशी विनंती मान्य करायची असेल तर ती त्याच्याकडून लेखी घ्या, मेसेज चालेल. नोंदवहीत स्थिती ‘थांबवला’ करा आणि नवी भरण्याची तारीख व विनंतीची तारीख शेरा म्हणून लिहा. चेकवरची मूळ तारीख मात्र बदलू नका, मुदत तिच्यावरूनच मोजायची आहे. आपल्या सूत्रात ‘थांबवला’ येत नाही, म्हणून या चेकांची वेगळी यादी आठवड्यातून एकदा बघायची सवय लावा. विसरले जातात ते हेच चेक.

29 मेला त्याने 50,000 ट्रान्सफर केले आणि उरलेल्यासाठी 10 जूनचा 30,300 चा नवा चेक दिला. 50,000 ची जमा नोंद बिल 412 ला लावायची. नवा चेक नोंदवहीत नव्या ओळीवर, स्थिती ‘हातात’, शेऱ्यात ‘000612 च्या बदली’. जुन्या ओळीची स्थिती ‘बदलला’ आणि तिथे नव्या ओळीचा क्रमांक. खतावणीत नव्या चेकचं आज काहीच येत नाही. 31 मेला बाकी 1,50,300 आहे: बिल 412 चे 30,000, बिल 437 चे 1,20,000 आणि बँक खर्चाचे 300. एजिंगमध्ये 412 देय तारखेनंतर 26 दिवस आणि 437 देय तारखेनंतर 9 दिवस दिसतं. हातात चेक असले तरी तसंच दिसलं पाहिजे.

जुना 80,000 चा चेक आता कोणत्याही परिस्थितीत बँकेत जाता कामा नये, कारण त्यातले 50,000 मिळालेले आहेत. त्याच्यावर पेन्सिलीने नव्हे, तर त्याला जोडलेल्या मेमोवर शाईने ‘भरू नये’ लिहा आणि दोन्ही एकत्र, भरायच्या चेकांच्या फाइलबाहेर ठेवा. ग्राहक तो लगेच परत मागेल. माझा नियम असा की बदली चेक वटेपर्यंत मूळ चेक आणि मेमो आपल्याकडेच राहतो. मग सही घेऊन परत करायचा. आधीच देऊन टाकला आणि नवाही परत आला, तर पहिल्या परतीचा कागद आपल्या हातातून गेलेला असतो.

तोच चेक पुन्हा भरायचं ठरलं, तर नोंदवहीत नवी ओळ काढू नका. त्याच ओळीत दुसऱ्या भरण्याची तारीख लिहा. खतावणीत मात्र नवी जमा नोंद येते, जुनी परतीची नोंद तशीच राहते. भरण्याच्या आदल्या दिवशी ग्राहकाला विचारून घ्या. न विचारता भरलेला चेक दुसऱ्यांदा परत आला, तर आणखी एक बँक खर्च आणि आणखी एक वाद.

महिनाअखेरीची जुळणी

तीन बेरजा जुळवायच्या. कपाटातले चेक बाहेर काढून मोजा. त्यांची रक्कम नोंदवहीतल्या ‘हातात’ आणि ‘थांबवला’ यांच्या बेरजेइतकी हवी. मोजणारा आणि वही लिहिणारा वेगळा असेल तर उत्तम. ‘भरला’ असलेल्या चेकांची बेरीज बँक ताळमेळातल्या न वटलेल्या भरण्याइतकी हवी. तिथे पाच-सहा दिवसांहून जुना चेक दिसला, तर तो वटून नोंद राहिली आहे किंवा परत येऊन मेमो कुठेतरी अडकला आहे. बँकेचा उतारा उघडून तो क्रमांक शोधा. आमचा तो हरवलेला मेमो याच रकान्यात दिवसेंदिवस दिसत होता, फक्त कुणी पाहिलं नव्हतं. हल्ली मी महिनाअखेरीची वाट पाहत नाही, बँकेचा उतारा रोज सकाळी उघडते आणि परतीच्या नोंदी आधी शोधते.

तिसरी बेरीज ‘परत’ आणि न मिटलेल्या चेकांची. प्रत्येक रक्कम खतावणीत कोणत्या बिलावर उघडी आहे ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. या यादीची एक प्रत माल पाठवणाऱ्या माणसाकडे जाऊ द्या, कारण गाडी भरायची की थांबवायची हे शेवटी त्याच्या हातात असतं.